केसचा परिच्छेदच गायब आहे, प्रश्न तेवढे उरलेत: नियोजन-नियंत्रणाची केस कशी सोडवायची

व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करणाऱ्यांना जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात त्या बहुधा हातोहात फिरलेल्या असतात. कुणीतरी पुस्तकातल्या केसचा फोटो काढून फाइलमध्ये चिकटवलेला असतो आणि खाली प्रश्न टाइप केलेले असतात. ती फाइल चार मोबाइलमधून, दोनदा पीडीएफ होऊन तुमच्यापर्यंत येते तेव्हा चित्र गळून पडलेले असते. ‘खालील परिच्छेद वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ ही ओळ असते, खाली कोरी जागा असते आणि लगेच प्रश्न अ, ब, क, ड सुरू होतात.

मी दूरशिक्षणातून व्यवस्थापन शिकलो आणि नोकरीत उत्पादन-नियोजनाचे काम करतो. त्यामुळे अशा अर्धवट केस माझ्याकडे बऱ्याच येतात. बहुतेक जण एक तर तो प्रश्न सोडून देतात, नाहीतर ‘नियोजनाचे टप्पे’ आणि ‘नियंत्रणाची प्रक्रिया’ पाठ केलेली तशीच उतरवतात. दोन्हींची गरज नाही. नियोजन आणि नियंत्रणावरचे प्रश्न केसमधली बरीच माहिती स्वतःच्या पोटात घेऊन आलेले असतात. ती कशी काढायची आणि कुठे थांबायचे, एवढेच इथे सांगतो.

नमुन्यासाठी असा एक उरलेला प्रश्न घेऊ. हा मी मांडणी समजावी म्हणून तयार केला आहे, पण खऱ्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न साधारण असेच असतात.

केस क्र. २ (गुण १५)
[इथला परिच्छेद दिसत नाही]
अ) उत्पादन व्यवस्थापकाचे नियोजन कोणत्या टप्प्यावर फसले? (४)
ब) दर महिन्याला अहवाल येत असूनही तफावत वेळेत का लक्षात आली नाही? (४)
क) १०,००० नगांसाठी १५,००,००० रुपयांचे अंदाजपत्रक होते. प्रत्यक्षात ८,००० नग झाले आणि खर्च १३,६०,००० रुपये आला. ‘आपण १,४०,००० रुपये वाचवले’ हा व्यवस्थापकाचा दावा तुम्हाला पटतो का? (५)
ड) पुढच्या हंगामासाठी नियंत्रणाची कोणती व्यवस्था सुचवाल? (२)

हाताशी काय लागेल: प्रश्नांची मूळ फाइल (छापलेली प्रत पुरत नाही), त्या विषयाचा अभ्यासक्रम, कॅल्क्युलेटर, आणि तीन रकाने आखलेला एक कोरा कागद. त्याच विषयाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतील तर उत्तम.

१. आधी चित्र खरोखर गेले आहे का ते पाहा

बऱ्याचदा चित्र फाइलमध्ये असते, फक्त दिसत नाही. वर्डमध्ये `File > Options > Advanced` इथे जाऊन `Show picture placeholders` ही खूण लागलेली असेल तर काढा. ती खूण असली की चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसते. चित्र स्क्रीनवर दिसते पण छापताना येत नाही अशी तक्रार असेल तर `File > Options > Display` मध्ये `Print drawings created in Word` सुरू आहे का ते बघा.

तरीही नाही दिसले तर `.docx` फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट `.zip` करा आणि ती उघडा. आत `word/media` नावाचा फोल्डर असतो. फाइलमध्ये भरलेली सगळी चित्रे तिथे सुटी पडलेली असतात. फोल्डरच नसेल किंवा त्यात फक्त कॉलेजचे बोधचिन्ह असेल, तर परिच्छेदाचे चित्र फाइलमध्ये भरलेले नव्हते. ते बाहेरून जोडलेले असावे किंवा आधीच काढून टाकलेले असावे. बाहेरून जोडले असेल तर `word/_rels/document.xml.rels` या फाइलमध्ये `TargetMode="External"` असे लिहिलेले सापडते आणि त्याच्या शेजारी मूळ चित्राचा पत्ता असतो.

पीडीएफ असेल आणि संगणकावर पॉप्लर या पीडीएफ हाताळणाऱ्या संचाची साधने असतील तर एक ओळ पुरते:

```
pdfimages -list paper.pdf
```

यादीत त्या पानाचे चित्र दिसले तर ते आत आहे आणि बाहेर काढता येईल. यादी रिकामी आली तर तिथे खणत बसू नका. ज्याने फाइल पाठवली त्याच्याकडे त्याच्याही आधीची प्रत मागा, कारण चित्र गळण्याचे काम बहुतेक वेळा एका विशिष्ट टप्प्यावर झालेले असते आणि त्याच्या मागची प्रत शाबूत असते.

आणि एक. केससारखी दिसणारी दुसरी केस शोधून ती इथे बसवू नका. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत केसचे नाव तेच ठेवून आकडे बदलतात. कधी शिक्षकही मुद्दाम आकडे बदलून देतात. परिच्छेद एका केसचा आणि प्रश्न दुसऱ्या केसचे असे झाले की उत्तर वाचायला सफाईदार वाटते, पण तपासणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळते.

२. प्रश्न उलटे वाचा आणि तीन रकाने भरा

परिच्छेद मिळणार नाही हे नक्की झाले की कागदावर तीन रकाने करा: ‘प्रश्नात स्पष्ट आहे’, ‘प्रश्नावरून निघते’ आणि ‘मी धरून चाललो आहे’. पुढचे सगळे काम या तीन रकान्यांवर उभे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला रकाना सोपा आहे. १०,००० नगांचा बेत होता, ८,००० झाले. १५ लाखांचे अंदाजपत्रक होते, १३ लाख ६० हजार खर्च झाले. अहवाल मासिक होता. व्यवस्थापक बचतीचा दावा करतो.

दुसऱ्या रकान्यात प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेल्या गोष्टी येतात. प्रश्न ब विचारतो, तफावत ‘वेळेत का लक्षात आली नाही’. म्हणजे तफावत होती, आणि ती कधीतरी लक्षात आली, पण उशिरा. प्रश्न अ ‘कोणत्या टप्प्यावर’ म्हणतो, म्हणजे नियोजनात काहीतरी फसले हे परीक्षकाने मान्यच केले आहे. ‘नियोजन बरोबर होते’ असे उत्तर त्याला नको आहे. प्रश्न ड मध्ये ‘पुढच्या हंगामासाठी’ आहे, म्हणजे धंदा हंगामी आहे. हा एक शब्द फार उपयोगी पडतो, तो पुढे पाहू. प्रश्न क मध्ये ‘तुम्हाला पटतो का’ असे विचारले आहे आणि त्याला पाच गुण आहेत. सरळ ‘हो’ म्हणण्यासाठी कुणी पाच गुण ठेवत नाही.

तिसरा रकाना सध्या रिकामा ठेवा. उत्तर लिहिताना प्रत्येक वेळी ‘हे मला कुठून कळले?’ असे विचारा. पहिल्या दोन रकान्यांत ते सापडले नाही तर ते तिसऱ्यात लिहा. कारखाना कुठे आहे, माल कोणता, व्यवस्थापकाचा स्वभाव कसा, कामगारांचा संप झाला होता का, यातले काहीच पहिल्या दोन रकान्यांत नाही, म्हणून उत्तरातही नको.

३. आकड्यांचा प्रश्न आधी सोडवा

क्रम अ-ब-क-ड असला तरी सुरुवात क पासून करा. आकडे खोटे बोलत नाहीत म्हणून नव्हे. या केसमध्ये बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे.

व्यवस्थापकाची तुलना अशी आहे: १५,००,००० वजा १३,६०,००० बरोबर १,४०,००० बचत. पण अंदाजपत्रक १०,००० नगांचे आहे आणि खर्च ८,००० नगांचा. आधी अंदाजपत्रक ८,००० नगांना जुळवून घ्यायला हवे. यालाच लवचीक अंदाजपत्रक म्हणतात. त्यासाठी १५ लाखांतला स्थिर खर्च किती (भाडे, पगारी देखरेख, विमा) आणि नगांबरोबर बदलणारा खर्च किती (कच्चा माल, नगामागची मजुरी) हे कळायला हवे. ते गायब झालेल्या परिच्छेदात होते.

बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘माहिती अपुरी आहे’ असे लिहितात. पण अपुऱ्या माहितीतूनही बरेच निघते. स्थिर खर्च कितीही असला तरी तो शून्य आणि १५ लाख यांच्या मधेच असणार. दोन्ही टोके तपासा.

सगळा खर्च बदलता असेल तर ८,००० नगांना १५ लाखांच्या ८० टक्के, म्हणजे १२,००,००० रुपये लागायला हवे होते. प्रत्यक्ष खर्च १३,६०,००० आहे, म्हणजे १,६०,००० जास्त. उलट सगळा खर्च स्थिर असेल तर नग कमी झाले तरी १५,००,००० च लागायला हवे होते, आणि मग १,४०,००० खरोखर वाचले. खरे उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे.

आता सीमा कुठे आहे ते काढा. स्थिर खर्चाला ‘स्थि’ म्हणू आणि आकडे लाखांत घेऊ.

```
८,००० नगांचे अंदाजपत्रक = स्थि + ०.८ × (१५ − स्थि)
                        = १२ + ०.२ × स्थि

१२ + ०.२ × स्थि = १३.६   →   स्थि = ८
```

म्हणजे स्थिर खर्च ८ लाखांपेक्षा जास्त असेल तर व्यवस्थापकाने खरेच काही वाचवले. ८ लाखांपेक्षा कमी असेल तर त्याने जास्त खर्च केला आणि ‘बचत’ दिसते ती फक्त नग कमी केल्यामुळे. उदाहरण म्हणून स्थिर खर्च ३ लाख धरा. मग बदलता खर्च १२ लाख, म्हणजे नगामागे १२० रुपये. ८,००० नगांचे ९,६०,००० आणि वर ३,००,००० मिळून १२,६०,००० रुपये लागायला हवे होते. लागले १३,६०,०००. बचतीचा दावा करणाऱ्या माणसाने या हिशेबात एक लाख जास्त घालवले आहेत.

इथे एक सापळा आहे आणि हुशार मुलेच त्यात जास्त अडकतात. ते एकूण खर्चाची तुलना चूक आहे हे ओळखतात आणि नगामागच्या खर्चावर जातात: अंदाजपत्रकात नगाला १५० रुपये, प्रत्यक्षात १७० रुपये, म्हणून नगामागे २० रुपये उधळले, एकूण १,६०,०००. हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे. सगळा खर्च बदलता धरल्यावर आला होता तोच हा. नगामागची तुलना करणारा माणूस नकळत स्थिर खर्च शून्य धरतो, आणि एकूण रकमेची तुलना करणारा व्यवस्थापक नकळत सगळाच खर्च स्थिर धरतो. दोघेही एकेका टोकावर उभे आहेत. उत्तरात हे एक वाक्य लिहिले तर पाचातले चार गुण तिथेच मिळावेत, असे माझे मत.

या हिशेबाची मर्यादाही लिहा: खर्च सरळ रेषेत बदलतो असे धरले आहे. विजेच्या बिलासारखा काही भाग स्थिर आणि काही बदलता असलेला खर्च असेल, किंवा ८,००० पर्यंत खाली आल्यावर एक पाळीच बंद करता आली असती, तर सीमा सरकेल.

४. चूक नियोजनाची की नियंत्रणाची, हे वेगळे करा

अ आणि ब यांची उत्तरे बहुतेक उत्तरपत्रिकांत एकमेकांत कालवलेली असतात. ‘नियोजन नीट नव्हते आणि नियंत्रणही ढिले होते’ असे लिहिले की दोन्हींचे गुण अर्धे होतात. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो: बेत जसाच्या तसा पाळला असता तर उद्दिष्ट गाठले गेले असते का? ‘नाही’ असे उत्तर आले तर दोष नियोजनात आहे. ‘हो’ आले तर दोष अंमलबजावणीत किंवा नियंत्रणात शोधा.

कसोटी हाताला बसावी म्हणून एक खरे उदाहरण घ्या. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ ला सुटले आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचताना नाहीसे झाले. यानाच्या छोट्या इंजिनांच्या झोतांचा परिणाम जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर पाउंडच्या एककात देत होते, आणि मार्ग काढणारी यंत्रणा ते आकडे मेट्रिक एककात आहेत असे समजून वापरत होती. आकडे मेट्रिक एककातच द्यायचे असे कराराच्या तपशिलात लिहिलेले होते. म्हणजे बेत पाळला असता तर हा घोटाळा झालाच नसता. शिवाय मार्गात काहीतरी जुळत नाही हे वाटेतच काही जणांच्या लक्षात आले होते, पण ती शंका रीतसर नोंदवून शेवटपर्यंत तडीला नेली गेली नाही. शेवटची एक मार्गदुरुस्ती करता येण्यासारखी होती. तिची चर्चा झाली आणि ती केली गेली नाही. मानक बरोबर, मोजमाप चुकीचे, तफावतीचा सुगावा लागलेला, दुरुस्ती मात्र नाही. नियंत्रणाची साखळी कुठे तुटली हे इथे बोट ठेवून दाखवता येते.

आता आपल्या प्रश्न अ कडे या. १०,००० च्या जागी ८,००० का झाले, हे परिच्छेदाशिवाय कळत नाही. पण शक्यता अमर्याद नाहीत. एक तर मागणीच तेवढी नव्हती म्हणून उत्पादन आवरते घेतले, नाहीतर मागणी होती पण नग करता आले नाहीत. पहिल्या शक्यतेत बेताचा पायाच चुकला. नियोजनात उद्दिष्ट ठरवल्यावर बाहेरच्या परिस्थितीबद्दल काही गोष्टी धरून चालाव्या लागतात. त्या गृहीतकांच्या टप्प्यावर मागणीचा अंदाज फुगवला गेला. दुसऱ्या शक्यतेत अंदाज बरोबर होता, पण मुख्य बेतातून जे पोट-बेत निघायला हवेत (कच्चा माल कधी मागवायचा, यंत्र दुरुस्तीला कधी काढायचे, हंगामी माणसे कधी घ्यायची) ते एक तर आखले नाहीत किंवा एकमेकांशी जुळवले नाहीत.

दोन्ही शक्यता तीन-तीन ओळींत लिहा आणि मग एकीकडे कौल द्या. मी दुसऱ्या शक्यतेकडे देईन. व्यवस्थापकाने मागणी पाहून मुद्दाम उत्पादन कमी केले असते, तर तो ‘माल पडून राहू दिला नाही’ असे सांगत बसला असता. तो खर्चाच्या बचतीकडे बोट दाखवतो आहे, म्हणजे नग कमी होणे त्याने ठरवून केलेले नसावे. हा पुरावा पक्का नाही, फक्त झुकाव आहे, आणि उत्तरातही तो तसाच लिहायचा. कौल न देता दोन्ही पर्याय टांगते ठेवणारे उत्तर परीक्षकाला आवडत नाही.

एक सूचना: चार गुणांच्या उत्तरात नियोजनाचे आठही टप्पे ओळीने लिहू नका. ज्या टप्प्यावर फसले तो आणि त्याच्या मागचा-पुढचा पुरे.

५. अहवाल असूनही का कळले नाही?

इथे ‘हंगाम’ हा शब्द कामाला येतो. मासिक अहवाल महिना संपल्यावर तयार होतो. हिशेब जुळवून तो टेबलावर यायला पुढच्या महिन्याचा आठवडा जातो असे धरू. मग महिन्याच्या दोन तारखेला सुरू झालेली गडबड व्यवस्थापकाला कळेपर्यंत पाच आठवडे उलटलेले असतात. बारमाही धंद्यात हे चालून जाते. हंगाम चार महिन्यांचा असेल तर तोवर त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त काळ संपलेला असतो. मोजण्याचा काळ धंद्याच्या लांबीशी जुळत नव्हता, हे पहिले कारण. हंगाम नेमका किती महिन्यांचा आणि अहवाल किती दिवसांनी येतो, हे दोन्ही तिसऱ्या रकान्यात लिहायला विसरू नका.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते आणि ते प्रश्न क मध्येच दडलेले आहे. व्यवस्थापक शेवटी जी तुलना करतो आहे, तीच तो दर महिन्याच्या अहवालात पाहत आला असणार. ठरलेला खर्च इतका, झालेला खर्च त्याहून कमी. अशा अहवालात नग जितके कमी होतील तितकी बचत जास्त दिसते. म्हणजे अहवाल उशिरा आल्यामुळेच तफावत सुटली असे नाही, वेळेवर आला असता तरी त्याने सगळे ठीक आहे असेच सांगितले असते. नियंत्रणाच्या प्रक्रियेत मानक ठरवणे, मोजणे, तुलना करणे, कारण शोधणे आणि दुरुस्ती करणे या पायऱ्या असतात. इथे मोजणे झाले, पण तुलना चुकीच्या मानकाशी झाली, म्हणून पुढच्या दोन पायऱ्या सुरूच झाल्या नाहीत.

प्रश्न एकमेकांना असे जोडून दाखवले की परिच्छेद न वाचताही उत्तर त्या केसचे वाटते. परिच्छेद वाचलेली मुलेही हे क्वचितच करतात.

६. शिफारस गुणांच्या मापाने करा

प्रश्न ड ला दोनच गुण आहेत. इथे संगणकीकरण, प्रशिक्षण, प्रोत्साहन योजना अशी माळ लावू नका. वर सापडलेल्या प्रत्येक दोषाला एक उपाय द्या. अहवाल साप्ताहिक करावा आणि त्यात अंदाजपत्रक त्या आठवड्याच्या प्रत्यक्ष नगांना जुळवून दाखवावे. हंगाम सुरू होण्याआधी कच्चा माल, यंत्रे आणि माणसे यांची तयारी ठरलेल्या तारखेला तपासावी, म्हणजे तफावत घडण्याआधीच अडवता येईल. तफावत किती झाली की कुणी हालचाल करायची, हेही एका ओळीत लिहा. ती मर्यादा टक्क्यांत द्यायची असेल तर ‘उदाहरणार्थ’ म्हणून द्या, कारण योग्य आकडा ठरवायला लागणारी माहिती तुमच्याजवळ नाही.

नियंत्रण कडक करा, एवढेच लिहिणे धोक्याचे आहे. कौल मागणीच्या चुकलेल्या अंदाजाकडे दिला असेल, तर कडक नियंत्रणामुळे न खपणारे १०,००० नग वेळेवर तयार होतील. प्रश्न ड चे उत्तर प्रश्न अ च्या कौलाशी जुळते का, ते एकदा तपासून घ्या.

७. उत्तर कागदावर कसे मांडायचे

सुरुवातीलाच दोन-तीन ओळींत सांगून टाका: ‘केसचा परिच्छेद उपलब्ध प्रतीत नाही. पुढील उत्तर प्रश्नांत दिलेल्या माहितीवर आधारित आहे. जिथे काही धरून चाललो आहे तिथे तसे नमूद केले आहे.’ त्याखाली तिसऱ्या रकान्यातली गृहीतके क्रमांक देऊन लिहा. चार-पाचांच्या वर गेली तर कुठेतरी गोष्ट रचायला सुरुवात झाली आहे असे समजा आणि मागे जाऊन छाटा. उत्तरात जिथे गृहीतक वापराल तिथे ‘(गृहीतक २ नुसार)’ असा उल्लेख करा.

हे सगळे सरावासाठी किंवा घरी करायच्या स्वाध्यायासाठी. स्वाध्याय असेल तर लिहायला बसण्याआधी सरांना किंवा मॅडमना एक निरोप टाका, फाइलमधले चित्र दिसत नाही म्हणून. पुष्कळदा त्यांना तो घोटाळा माहीतच नसतो आणि तासाभरात नीट प्रत मिळते. निरोपाला उत्तर आले नाही तरी तो पाठवल्याची तारीख स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर लिहा.

प्रत्यक्ष परीक्षेत, मग ती कागदावर असो की संगणकावर, परिच्छेद दिसला नाही तर पहिले काम पर्यवेक्षकाला सांगणे आणि त्यांना ते नोंदवून घ्यायला लावणे. संगणकावरची परीक्षा असेल तर तो प्रश्न बाजूला ठेवून पुढचे सोडवत राहा, पण तक्रार पेपर संपायच्या आत झाली पाहिजे. बाहेर आल्यावर सांगितलेल्याचा फारसा उपयोग होत नाही. दुरुस्ती झालीच नाही तर वरच्या पद्धतीने उत्तर लिहा, कोरे सोडू नका.

८. परिच्छेद नंतर सापडला तर

उत्तर फाडून नव्याने लिहू नका. परिच्छेद हातात घेऊन तिसरा रकाना एकेका ओळीने तपासा. जे गृहीतक बरोबर निघाले ते पहिल्या रकान्यात हलवा आणि उत्तरातला ‘गृहीतक’ हा उल्लेख काढा. जे चुकले त्यावर उभी असलेली वाक्ये तेवढीच बदला. प्रश्न क मध्ये फक्त स्थिर खर्चाचा खरा आकडा घालायचा असतो, सीमा आधीच काढलेली आहे. समजा परिच्छेदात स्थिर खर्च १० लाख दिलेला निघाला. मग ८,००० नगांचे अंदाजपत्रक १४ लाखांचे होते आणि व्यवस्थापकाने ४०,००० रुपये खरोखर वाचवले. तो म्हणत होता तेवढे नाही, पण वाचवले. अशा वेळी प्रश्न ब चे दुसरे कारणही सौम्य करावे लागेल, कारण अहवाल खर्चाबाबत पूर्ण खोटा नव्हता, त्याने २,००० नगांची तूट मात्र लपवली.